सांगलीतल्या निवासी इमारतीचा उष्णता-अनुपालन अहवाल: काच, इन्सुलेशन आणि हवागळतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बिल्डर, साईट इंजिनिअर, अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारे फॅब्रिकेटर आणि कधीकधी फ्लॅट घेणारेही विचारतात. उत्तरं देताना सगळीकडे एकच इमारत धरली आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. इमारत काल्पनिक आहे, पण विश्रामबागच्या कुठल्याही गल्लीत शोभेल अशी: खाली पार्किंग, वर चार मजले, उत्तर-दक्षिण बाजू १८ मीटर लांब, पूर्व-पश्चिम बाजू १२ मीटर, फ्लॅटच्या मजल्यांची एकूण उंची १२ मीटर. भिंती नऊ इंची लाल विटेच्या, खिडक्या दोन ट्रॅकच्या स्लायडिंग, काच साधी पांढरी, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा.

हा अहवाल नेमका काय सिद्ध करतो?

इमारतीच्या बाहेरच्या कवचातून, म्हणजे भिंती, खिडक्या आणि गच्चीतून, आत किती उष्णता येईल याचा हिशोब आणि तो ठरलेल्या मर्यादेत बसतो की नाही याचं उत्तर. निवासी इमारतींसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको निवास संहिता वापरतात. त्यात मुख्य अटी चार: भिंती-खिडक्यांचा आरईटीव्ही १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या वर जाऊ नये, गच्चीची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी, उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र पुरेसं असावं आणि काचेतून पुरेसा उजेड यावा. ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी ही संहिता आहे.

यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते ते. आकडा लहान तेवढं चांगलं. आरईटीव्ही हा थंडाव्याची गरज असलेल्या काळातला, कवचातून आत येणाऱ्या उष्णतेचा सरासरी आकडा आहे. तो वीजबिल सांगत नाही आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता बेडरूम किती तापेल तेही सांगत नाही. अहवाल हातात आल्यावर बरेच जण त्यात तेच शोधतात आणि मग तो निरुपयोगी आहे असं म्हणतात.

हाच अहवाल दुकानगाळे किंवा हॉस्पिटलच्या इमारतीला चालेल का?

नाही. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडलेला भार, नाहीतर १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त करारित मागणी असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी ईसीबीसी, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आहे. तिचे आकडे बरेच कडक आहेत, पद्धतही वेगळी आहे. खाली दुकानं आणि वर फ्लॅट अशी इमारत असेल तर कुठला भाग कुठल्या संहितेत मोजला ते पहिल्याच पानावर लिहून घ्या.

सांगली कुठल्या हवामान विभागात धरायची?

अहवाल वाचताना मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधतो. संहितेत शहरांची यादी आहे. त्यातल्या कुठल्या शहराचा विभाग घेतला आणि का, ते अहवालात स्पष्ट लिहिलेलं हवं. आपल्याकडे हा प्रश्न उगाच निघत नाही. महाबळेश्वर-पाटणचा पाऊस आणि जत-आटपाडीचा कोरडा उन्हाळा यांच्यामध्ये आपण बसलो आहोत, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या सोयीचा विभाग बरोबर वाटतो.

विभाग बदलला की सूत्रातले गुणक बदलतात. सूत्र असं आहे:

```
RETV = (1/A) × [ a × Σ(Ao × Uo × ω)
               + b × Σ(An × Un × ω)
               + c × Σ(An × SHGCeq × ω) ]
```

पहिली ओळ भिंतीतून येणारी उष्णता, दुसरी काचेतून वहनाने येणारी, तिसरी काचेतून आत शिरणारं ऊन. `A` म्हणजे भिंती-खिडक्यांचं एकूण क्षेत्र, `Ao` आणि `Uo` म्हणजे भिंतीचं क्षेत्र आणि यू-व्हॅल्यू, `An` आणि `Un` म्हणजे काचेचं क्षेत्र आणि यू-व्हॅल्यू, `SHGCeq` म्हणजे छज्जा धरून काचेतून आत येणाऱ्या उन्हाचं प्रमाण. `ω` म्हणजे दिशेचा गुणक. आपल्या अक्षांशाला उत्तरेसाठी तो ०.६५९, दक्षिणेसाठी ०.९६६, पूर्वेसाठी १.१५५ आणि पश्चिमेसाठी १.१५६ आहे. उष्ण-दमट विभागात `a`, `b`, `c` अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१ येतात. उष्ण-कोरड्यात ते ६.०६, १.८५ आणि ६८.९९ होतात.

आपली इमारत जशीच्या तशी ठेवून दोन्ही विभागांत मोजली तर उष्ण-दमटमध्ये आरईटीव्ही १५.८ येतो, उष्ण-कोरड्यात १८.१. एक वीट हलली नाही आणि आकड्यात सव्वादोनचा फरक पडला. म्हणून ‘विभाग: उष्ण’ एवढंच लिहिलेला अहवाल मी परत पाठवतो.

मग सगळे उष्ण-दमटच का धरत नाहीत? कारण त्या विभागात खिडक्या उघडण्याची अट जास्त कडक आहे. ते पुढे येईलच.

१५.८ हा आकडा कसा आला, ते एकदा मांडून दाखवाल का?

चारही बाजूंचं क्षेत्र ७२० चौरस मीटर. त्यात काच उत्तरेला ३६, दक्षिणेला ३६, पूर्वेला १४ आणि पश्चिमेला २२, एकूण १०८ चौरस मीटर, म्हणजे १५ टक्के. उरलेल्या ६१२ मध्ये भिंत. खिडकीच्या चौकटी सोप्या हिशोबासाठी भिंतीतच धरल्या आहेत.

विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू, दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट, जवळजवळ २.० येते. पण सगळी भिंत विटेची नसते. कॉलम आणि बीम बाहेरून दिसतात, आणि त्यांची यू-व्हॅल्यू २.७ च्या वर जाते. ते भिंतीच्या १८ टक्के धरले तर सरासरी २.१ च्या थोडी वर सरकते. काच साधी, यू-व्हॅल्यू ५.७. काचेचा एसएचजीसी ०.८२, म्हणजे पडलेल्या उन्हातली ८२ टक्के उष्णता आत येते. छज्जामुळे तो सरासरी ०.६५ झाला असं इथे धरलं आहे. खऱ्या अहवालात प्रत्येक दिशेच्या छज्जाची लांबी आणि खिडकीची उंची घेऊन तो संहितेच्या तक्त्यातून वेगवेगळा काढावा लागतो.

प्रत्येक बाजूचं क्षेत्र तिच्या दिशेच्या गुणकाने गुणून बेरीज केली की भिंतीसाठी ५८३.७ आणि काचेसाठी १००.१ मिळतात. उष्ण-दमटचे गुणक लावून ७२० ने भागलं की भिंतीचा वाटा ८.९, काचेतून वहनाने १.०, उन्हाने ५.९. बेरीज १५.८.

या तीन आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. काच १५ टक्के जागा घेते आणि उष्णतेचा ४४ टक्के वाटा तिचा आहे. आणि त्या वाट्यात वहन फार थोडं आहे, बहुतेक सगळं ऊन आहे. म्हणून ‘डबल काच बसवली की झालं’ हे आपल्याकडे तितकंसं खरं नाही. डबल काचेने वहनाचा १.० अर्धा होतो, म्हणजे अर्धा वॅट वाचतो. तेवढ्याने ही इमारत पास होत नाही. दोन काचांमधून ऊन थोडं कमी येतं म्हणून ती शेवटी १५ च्या आत येते, पण तेवढंच काम रंगीत काचेने किंवा चांगल्या छज्जाने बरंच स्वस्तात होतं.

मग ही इमारत १५ च्या आत आणायला सगळीकडे रंगीत काच लावायची?

गरज नाही. साधी रंगीत काच, एसएचजीसी साधारण ०.६०, घेतली तर छज्जाखाली तो ०.४८ च्या आसपास येतो. ती फक्त पूर्व-पश्चिमेला लावली तर आकडा १५.२ वर अडतो, कारण त्या दोन बाजूंना मिळून काच ३६ चौरस मीटरच आहे. दक्षिणेलाही लावली की १४.६. उत्तरेची काच पांढरीच राहू द्या, तिथून उजेड चांगला येतो आणि ऊन कमी.

इथे एका अटीकडे लक्ष असू द्या. काचेचं क्षेत्र ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेची व्हीएलटी, म्हणजे उजेड आत सोडण्याचं प्रमाण, ०.२७ पेक्षा कमी नको. साध्या रंगीत काचेला त्यात अडचण येत नाही. आरशासारखी गडद रिफ्लेक्टिव्ह काच मात्र खाली जाऊ शकते. मग भरदुपारी ट्यूबलाईट लावून बसायचं.

उष्ण-कोरडा विभाग धरला तर हा उपाय पुरत नाही, आकडा १६.९ वर राहतो. तिथे भिंतीलाच हात घालावा लागतो.

वीट सोडून एएसी ब्लॉक घेतले तर काचेचा प्रश्नच मिटतो ना?

आरईटीव्हीपुरता मिटतो. २०० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक, प्लास्टरसकट, यू-व्हॅल्यू ०.७७ देतो. विटेच्या निम्म्याहून कमी. पण अहवालात बरेचदा हाच ०.७७ सगळ्या भिंतीला लावलेला असतो, कॉलम-बीम विसरून. तसं केलं तर उष्ण-दमटमध्ये १०.१ येतो. आरसीसीचे १८ टक्के धरले की भिंतीची सरासरी १.१५ होते आणि आरईटीव्ही ११.७. दोन्ही पास, पण फरक दीड वॅटचा. भिंत जितकी चांगली, तितकी कॉलम-बीमची चूक मोठी होते: विटेच्या भिंतीत तीच चूक अर्ध्या वॅटचीच पडते.

ओळखायचं कसं? अहवालातल्या भिंतीच्या यादीत एकच ओळ असेल तर आरसीसी विसरलं आहे. निदान दोन ओळी हव्यात, आणि त्यांची क्षेत्रं बेरजेत भिंतीच्या क्षेत्राशी जुळायला हवीत. स्ट्रक्चरल ड्रॉइंग शेजारी ठेवलं की दहा मिनिटांत कळतं.

उष्ण-कोरड्या विभागात हीच एएसीची इमारत, साध्या पांढऱ्या काचेसह, १३.३ च्या आसपास येते. म्हणजे विभागाबद्दल वाद होण्याची शक्यता असेल तर भिंतीत गुंतवणूक करणं शहाणपणाचं. काच पुढे कोणीही बदलू शकतो, भिंत बदलत नाही.

जिन्याच्या आणि लिफ्टच्या भिंती धरायच्या का? पार्किंगच्या?

नाही. आरईटीव्ही फ्लॅटच्या बाहेरच्या कवचाचा आहे. जिन्याची बिनखिडकीची उत्तरेची भिंत आत घेतली की भागाकाराचं क्षेत्र वाढतं आणि आकडा आपोआप खाली येतो. काठावरच्या इमारतींत हे नक्की तपासा.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहेच, तेच इन्सुलेशन नाही का?

कोबा पाण्याला उतार देतो आणि थोडीफार उष्णता अडवतो, पण संहितेपुरता अडवत नाही. १५० मिलिमीटर स्लॅब, खाली प्लास्टर, वर १०० मिलिमीटर कोबा, असा गच्चीचा थर मोजला की यू-व्हॅल्यू साधारण २.२ येते. मर्यादा १.२ आहे. गच्चीची अट आरईटीव्हीपासून वेगळी असल्यामुळे भिंती कितीही चांगल्या असल्या तरी इथे सूट मिळत नाही.

हिशोब साधा आहे. १.२ साठी थरांचा एकूण रोध, म्हणजे १ भागिले यू-व्हॅल्यू, ०.८३ हवा, आपल्याकडे आहे ०.४५. उरलेला ०.३८ इन्सुलेशनने भरायचा. एक्सपीएस या इन्सुलेशनच्या फोम बोर्डाची उष्णतावहनता ०.०३४ धरली तर कागदावर १३ मिलिमीटर पुरतात, पण काम करण्यासारखी जाडी २५ पासून सुरू होते. २५ मिलिमीटरला यू-व्हॅल्यू ०.८४ होते. अहवालात ‘इन्सुलेशन दिले आहे’ एवढंच लिहून चालत नाही. जाडी, वहनतेचा आकडा आणि तो कोणत्या चाचणी-प्रमाणपत्रातून घेतला, हे तिन्ही हवेत.

साईटवर गडबड होते ती थरांच्या क्रमात. बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर टाकतात की खाली, यावर त्याचं नशीब ठरतं. एक्सपीएस पाणी फारसं पीत नाही, म्हणून तो वॉटरप्रूफिंगच्या वर, कोब्याखाली चालतो. स्वस्तातला पांढरा थर्माकोल तिथे टाकला तर दोन पावसाळ्यांत ओला होतो, आणि ओल्या थर्माकोलला अहवालातला आकडा लागू पडत नाही. बोर्डांमधले सांधे उघडे राहिले, त्यात सिमेंटचा मसाला उतरला, की तिथून उष्णता थेट स्लॅबमध्ये जाते. कोबा पडायच्या आधीचा एक फोटो, बोर्डावर मोजपट्टी ठेवून काढलेला, फाईलमध्ये असू द्या. नंतर गच्ची फोडल्याशिवाय कोणालाच काही सिद्ध करता येत नाही.

पांढऱ्या टाईल्स किंवा चायना मोझॅक टाकला तर इन्सुलेशन वाचेल का?

गच्ची कमी तापेल हे खरं. पण यू-व्हॅल्यू रंगाने बदलत नाही, ती थरांच्या जाडीवर आणि वहनतेवर ठरते. त्यामुळे अहवालात पांढऱ्या टाईल्सचा उल्लेख करा, पण त्याच्या जिवावर १.२ गाठता येणार नाही. दोन्ही केलंत तर वरच्या मजल्यावरचे लोक दुवा देतील.

हवागळतीचा आकडा अहवालात असावाच लागतो का? आरईटीव्हीच्या सूत्रात तर तो दिसत नाही.

दिसत नाही, कारण तो तिथे नाहीच. म्हणून काही अहवालांत हा मुद्दा पूर्ण गाळलेला असतो, आणि काहींत ‘हवागळती ०.५’ असं एकाकी वाक्य असतं. दुसरा प्रकार जास्त त्रासदायक आहे, कारण ०.५ काय, कशाचं, हे कळत नाही.

हवागळती तीन वेगवेगळ्या मापांत सांगतात आणि त्यांची सरमिसळ होते. पहिलं माप खिडकीचं: एका चौरस मीटर खिडकीतून सेकंदाला किती लिटर हवा झिरपते. ईसीबीसीत खिडक्या-दारांसाठी ही मर्यादा २.० लिटर आहे, आणि काचेच्या उघड-मिट होणाऱ्या व फिरत्या प्रवेशद्वारांसाठी ५.०. दुसरं माप खोलीचं: तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते. एसीचा आकार ठरवताना हेच धरतात. तिसरं माप ब्लोअर डोअर चाचणीचं: दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबाला हवा किती वेळा बदलते. साधारण ठोकताळा असा की या तिसऱ्या आकड्याला २० ने भागलं की रोजच्या स्थितीतला दुसरा आकडा मिळतो. म्हणजे ५० पास्कलला १० वेळा हवा बदलणारं घर रोजच्या वाऱ्यात ०.५ च्या आसपास असतं. माप आणि दाब न लिहिता नुसता आकडा दिला असेल तर तो आकडा नसल्यातच जमा धरा.

आकडा किती महत्त्वाचा आहे ते एका बेडरूमवर बघू. ३ बाय ४ मीटर, उंची ३, म्हणजे ३६ घनमीटर हवा. बाहेर ३८ अंश, आत एसीने २६. तासाला ०.५ वेळा हवा बदलली तर गळतीतून सुमारे ७० वॅट उष्णता येते. २ वेळा बदलली तर २८५ वॅट. हे फक्त कोरड्या उष्णतेचं. पावसाळ्याच्या तोंडाला, वळीव पडून गेल्यावर हवेत जी ओल असते ती काढायला एसीला आणखी राबावं लागतं.

घर हवाबंद केलं तर गुदमरेल. हवा खेळती हवी की नको?

दोन्ही हव्यात: खिडकी उघडली तर भरपूर हवा, बंद केली तर कमीत कमी गळती. इको निवास संहिता पहिल्या गोष्टीला अट घालते. उघडता येणारं क्षेत्र कारपेट क्षेत्राच्या किती टक्के हवं, ते विभागावर ठरतं: उष्ण-कोरड्यात १०, उष्ण-दमटमध्ये १६.६६.

आपल्या इमारतीत खिडक्या आणि बाल्कनीची दारं, चौकटीसकट, १३० चौरस मीटर धरू, आणि कारपेट ६२० चौरस मीटर. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते, दुसरा अर्धा भाग कायम काचेमागे. म्हणजे ६५ चौरस मीटर, साडेदहा टक्के. उष्ण-कोरड्याला काठावर पास, उष्ण-दमटला सपशेल नापास.

म्हणून आधी म्हटलं की विभाग सोयीने निवडता येत नाही. उष्ण-दमट धरला तर भिंती-काचेचा हिशोब सोपा जातो आणि खिडक्या अडवतात. उष्ण-कोरडा धरला तर खिडक्या सुटतात आणि भिंती अडवतात. काही अहवालांत आरईटीव्ही एका विभागात आणि खिडक्या दुसऱ्या विभागात मोजलेल्या असतात. हे बहुतेक वेळा नजरचुकीनेच होतं, कारण दोन पानं दोन वेगळ्या जुन्या फायलींमधून आलेली असतात. पण तपासणाऱ्याला ते तसं वाटत नाही.

उपाय आहे: स्लायडिंगऐवजी बिजागरीवर उघडणारी खिडकी, म्हणजे केसमेंट. ती साधारण ९० टक्के उघडते. त्याच १३० चौरस मीटरमधून ११७ मिळतात, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. आणि बंद केल्यावर तिचा पल्ला चारही बाजूंनी रबरी गॅस्केटवर दाबून बसतो. स्लायडिंगमध्ये मात्र पल्ला सरकावा म्हणून नुसता केसाळ ब्रश असतो, त्यातून हवा आणि धूळ दोन्ही येतात. म्हणजे खिडकीचा एकच निर्णय दोन्ही अटींना कामी येतो. फॅब्रिकेटर कुरकुर करतात, कारण केसमेंटला मच्छरदाणी बसवणं जरा कटकटीचं आहे आणि हार्डवेअर महाग पडतं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सगळीकडे जमत नसेल तर निदान बेडरूमना केसमेंट द्या आणि पुन्हा हिशोब करून बघा.

ब्लोअर डोअर यंत्र नसेल तर गळती कशी तपासायची?

आकडा मिळणार नाही, पण जागा सापडते. फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं बंद करा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा चालू करा. आता पेटवलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती हळूहळू फिरवा. जिथे धूर सरळ वर न जाता आतल्या बाजूला झुकतो, तिथे हवा शिरते आहे.

बहुतेक वेळा गळती पल्ल्यांत नसते, चौकट आणि भिंत यांच्या फटीत असते. चौकट बसवतात, फट सिमेंटने भरतात, आणि सिमेंट सुकताना बारीक भेग पडते. बाहेरून प्लास्टरमुळे ती दिसत नाही. ती भेग बाहेरून सिलिकॉन सीलंटने भरली की फरक लगेच जाणवतो. दुसरी जागा एसीच्या पाईपचं भोक. तिथे अनेकदा नुसता कागद कोंबलेला असतो.

काचेचा एसएचजीसी कुठून घ्यायचा? ब्रोशरमध्ये दोन-तीन आकडे असतात.

काच कंपनीच्या माहितीपत्रकातून, आणि तुम्ही वापरणार तीच जाडी, तीच छटा असलेल्या ओळीतून. जुन्या पत्रकांत एसएचजीसीऐवजी शेडिंग कोएफिशंट दिलेला असतो. तो आकडा मोठा असतो, आणि एसएचजीसी मिळवण्यासाठी त्याला ०.८७ ने गुणावं लागतं. ०.६९ शेडिंग कोएफिशंट म्हणजे एसएचजीसी ०.६०. उलटही घडतं: काही जण व्हीएलटीचाच आकडा एसएचजीसी म्हणून उतरवतात. रंगीत काचेत तो योगायोगाने जवळचा असतो, म्हणून चूक लक्षात येत नाही.

काच साईटवर आली. ती अहवालातलीच आहे हे कसं कळणार?

चलनावरचं उत्पादनाचं नाव आणि जाडी अहवालाच्या ओळीशी जुळवा. रंगीत काचेत फरक डोळ्यांना दिसतो: एका कडेचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवला की छटा कळते. कोटिंग असलेल्या काचेत तसं दिसत नाही. तिच्यासमोर तिरकस मोबाईलचा दिवा धरा. प्रत्येक पृष्ठभागाचं एकेक प्रतिबिंब दिसतं, डबल काचेत चार. त्यातलं एखादं वेगळ्या रंगाचं दिसलं तर त्या पृष्ठभागावर कोटिंग आहे. ते कुठल्या बाजूला हवं होतं हे अहवालात लिहिलेलं असतं. उलटं बसवलं तर एसएचजीसी बदलतो.

पश्चिमेची काच कमी पडली म्हणून उत्तरेच्या पांढऱ्या काचा तिकडे बसवणं, हा शेवटच्या आठवड्यातला नेहमीचा प्रकार आहे. फॅब्रिकेटरच्या यादीत प्रत्येक खिडकीपुढे दिशा लिहिलेली असेल तर तो टळतो. नाहीतर खिडक्यांची मापं सारखी असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

बांधकामात एखादी गोष्ट बदलली तर पूर्ण अहवाल नव्याने करायचा का?

काच, भिंत, छज्जा किंवा खिडकीचा प्रकार यांपैकी काही बदललं तर आरईटीव्ही पुन्हा काढावाच लागतो, पण पूर्ण अहवाल नव्याने लिहायची गरज नसते. बदललेली ओळ, जुना आणि नवा आकडा, तारीख आणि सही असं एक पुरवणी पान जोडा. आतल्या भिंतींचा रंग, फरशी, मॉड्युलर किचन यांनी हिशोबाला काही होत नाही.

एक बदल मात्र लोक विचारातच घेत नाहीत. ताबा मिळाल्यावर फ्लॅटधारक बाल्कनी काचेने बंद करतात. त्याने दक्षिणेचा किंवा पश्चिमेचा छज्जा निकामी होतो, उघडणारं क्षेत्र घटतं, आणि बाल्कनीतली गरम हवा थेट हॉलमध्ये येते. अहवाल त्या दिवशीच्या इमारतीचा असतो, म्हणून सोसायटीच्या फाईलमध्ये त्याच्यासोबत बाल्कन्या उघड्या असल्याचे फोटोही ठेवा. पुढे कोणी बंद करायची परवानगी मागितली तर किमान कुठल्या दिशेची बाल्कनी आहे हे बघून ठरवता येईल.